सागरी साल्व्हेज

सागरी साल्व्हेज म्हणजे संकटात सापडलेले जहाज, त्यावरील माल किंवा समुद्रातील अन्य मालमत्ता स्वेच्छेने वाचवण्याचे कार्य, आणि त्या कार्याबद्दल बचावकर्त्याला कायद्याने मिळणारा मोबदला. हा मोबदला ‘यश नाही, तर मोबदला नाही’ या तत्त्वावर ठरतो. बचावकर्त्याने कितीही कष्ट केले आणि कितीही खर्च केला, तरी काहीच वाचले नाही तर त्याला सर्वसाधारणपणे काहीच मिळत नाही. मालमत्ता वाचली, तर मात्र त्याला नुसत्या खर्चापेक्षा पुष्कळ अधिक रक्कम मिळू शकते. ही रक्कम आधी ठरलेली नसते. काम संपल्यावर वाचलेल्या मालमत्तेची किंमत, धोक्याचे स्वरूप आणि बचावकर्त्याचे कौशल्य पाहून ती न्यायालय किंवा लवाद ठरवतो.

जमिनीवरील कायद्यात याला जवळचे उदाहरण सापडत नाही. शेजाऱ्याच्या गोठ्याला लागलेली आग कोणी न सांगता विझवली, तर विझवणारा कौतुकास पात्र होतो, पण गोठ्याच्या किमतीचा हिस्सा मागू शकत नाही. समुद्रावर तो मागू शकतो. तेथे मदत दूर असते, वेळ थोडा असतो आणि मदतीला जाणारा स्वतःचे जहाज व माणसे धोक्यात घालतो. त्याने वाट वाकडी करून जावे, यासाठी कायद्याने त्याच्यापुढे मोबदल्याची आशा ठेवली आहे.

## मोबदल्याचा हक्क केव्हा निर्माण होतो

या विषयावरील प्रमुख आंतरराष्ट्रीय करार म्हणजे १९८९चा साल्व्हेज करार होय. १९१०च्या ब्रुसेल्स कराराची जागा त्याने घेतली. तो १९९६मध्ये अंमलात आला. भारत १९९५मध्येच त्यात सामील झाला होता. या करारानुसार आणि त्यामागील जुन्या न्यायपरंपरेनुसार मोबदल्याच्या हक्कासाठी तीन गोष्टी आवश्यक ठरतात.

पहिली गोष्ट म्हणजे धोका. जहाज त्याच क्षणी बुडत असले पाहिजे असे नाही, परंतु धोका खरा असावा लागतो. इंजिन बंद पडलेले जहाज शांत समुद्रात तरंगत असले, तरी वारा त्याला खडकाकडे नेत असेल, तर ते धोक्यातच मानले जाते. धोका होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बचावकर्त्यावर असते.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वेच्छा. जे काम करण्यास एखादी व्यक्ती आधीपासूनच बांधील आहे, त्या कामाबद्दल तिला साल्व्हेज मागता येत नाही. म्हणून जहाजाचे स्वतःचे खलाशी सामान्यतः बचावकर्ते ठरत नाहीत, कारण जहाज सांभाळणे हे त्यांचे नोकरीतले कर्तव्यच असते. ओढून नेण्याचा करार केलेल्या टगलाही हाच नियम लागू होतो. एमव्ही विस्डम हे जहाज जून २०११मध्ये कोलंबोहून गुजरातेतील अलंगच्या जहाजतोडणी केंद्राकडे ओढून नेले जात होते. वाटेत ओढणारा दोर तुटला आणि ते भरकटत जाऊन मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर रुतले. अशा प्रसंगी दोन कामांमध्ये भेद करावा लागतो. ठरलेल्या भाड्यात जहाज ओढून नेणे हे टगचे करारातील काम होय. रुतलेले जहाज वाळूतून सोडवणे हे त्यापलीकडचे काम ठरू शकते, आणि साल्व्हेजचा हक्क निर्माण होऊ शकतो तो केवळ त्यापलीकडच्या कामाबद्दल. कराराबाहेरचा कोणीही मात्र बचावकर्ता होऊ शकतो. त्यासाठी व्यावसायिक कंपनी असण्याची गरज नाही. ट्रॉलर घेऊन निघालेला मच्छीमारही बचावकर्ता होऊ शकतो.

तिसरी गोष्ट म्हणजे यश. करारातील शब्द ‘उपयुक्त परिणाम’ असा आहे. संपूर्ण यशाची अट नाही. जहाज बुडाले, पण अर्धा माल वाचला, तर त्या अर्ध्या मालाच्या किमतीतून मोबदला मिळतो. एका टगने जळते जहाज खडकापासून दूर नेले आणि पुढे दुसऱ्या टगने ते बंदरात आणले, तर अंतिम यशात पहिल्याचाही हातभार असल्याने त्यालाही हिस्सा मिळतो. पहिल्याच्या कामाचा शेवटच्या परिणामाशी काही संबंध नसेल, तर त्याला काही मिळत नाही.

मालकाने किंवा कप्तानाने वाजवी कारणाने आणि स्पष्ट शब्दांत मदत नाकारली असेल, तर बळेच केलेल्या मदतीचा मोबदला मिळत नाही. बचावकर्त्याच्याच चुकीमुळे बचावाची गरज पडली असेल किंवा काम अधिक अवघड झाले असेल, तर त्याचा मोबदला कमी होतो किंवा पूर्ण बुडतो.

## मोकळ्या रकमेचा करार

संकटात सापडलेल्या कप्तानापाशी घासाघीस करण्यास वेळ नसतो. पाणी आत येत असताना तो कोणतीही रक्कम कबूल करील आणि बचावकर्ता त्याचा गैरफायदा घेऊ शकेल. दुसरीकडे, काम किती दिवसांचे आणि किती कठीण आहे, हे त्या वेळी बचावकर्त्यालाही ठाऊक नसते. या अडचणीवरचा उपाय म्हणजे लॉइड्सचा मोकळा करारनामा. १९०८पासून तो प्रमाणित नमुन्याच्या स्वरूपात वापरात आहे आणि वेळोवेळी सुधारला गेला आहे.

त्याला मोकळा म्हणतात, कारण त्यात रक्कम लिहिलेली नसते. बचावकर्ता जहाज व माल वाचवण्यासाठी सर्व वाजवी प्रयत्न करण्याचे कबूल करतो. मोबदला यशावर अवलंबून राहील आणि त्याची रक्कम लंडनमधील लवाद नंतर ठरवील, हे दोन्ही पक्ष मान्य करतात. कप्तानाची सही केवळ जहाजमालकालाच नव्हे, तर जहाजावरील मालाच्या मालकांनाही बांधते. रेडिओवर तोंडी संमती देऊनही असा करार होऊ शकतो. संकटाच्या दडपणाखाली केलेल्या करारातील अटी अन्यायकारक असतील, किंवा ठरलेली रक्कम कामाच्या मानाने अतिशय जास्त वा अतिशय कमी असेल, तर १९८९च्या करारानुसार न्यायाधिकरण असा करार रद्द करू शकते वा बदलू शकते.

## मोबदला कसा ठरतो

१९८९च्या कराराच्या तेराव्या अनुच्छेदात दहा निकष दिले आहेत. बचावकार्याला प्रोत्साहन मिळावे, या दृष्टीने मोबदला ठरवावा, असे तो अनुच्छेद सुरुवातीलाच सांगतो. दहाही निकष एकत्र विचारात घ्यावयाचे असतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा नसतो. समजण्याच्या सोयीसाठी त्यांचे तीन गट करता येतात.

पहिला गट वाचलेल्या वस्तूंचा आहे. जहाज आणि माल यांची वाचल्यानंतरची किंमत किती, यश किती प्रमाणात मिळाले आणि पर्यावरणाची हानी टाळण्यासाठी किती कौशल्य व कष्ट लागले, हे त्यात पाहिले जाते. दुसरा गट संकटाचा आहे. धोका कोणत्या प्रकारचा आणि किती गंभीर होता, हे येथे पाहिले जाते. तिसरा गट बचावकर्त्याचा आहे. त्याचे कौशल्य, लागलेला वेळ, झालेला खर्च व नुकसान, पत्करलेली जोखीम, मदतीची तत्परता, वापरलेली जहाजे व साधने, आणि ती साधने सज्ज ठेवण्याची तयारी यांचा त्यात विचार होतो.

यांतील शेवटच्या मुद्द्यामागे एक आर्थिक कारण आहे. व्यावसायिक बचाव कंपनीला मोठे टग, पंप, पाणबुडे आणि अग्निशमन साहित्य वर्षभर तयार ठेवावे लागते. प्रत्यक्ष संकटे मात्र कधीतरीच येतात, आणि त्यांतील काही प्रयत्न फसतात. यशस्वी कामाच्या मोबदल्यातून रिकाम्या दिवसांचा आणि फसलेल्या कामांचा खर्च भरून निघाला नाही, तर ती साधने कोणी बाळगणार नाही. म्हणून न्यायालये दिवसभराचे भाडे आणि डिझेलचा खर्च एवढाच हिशेब करून थांबत नाहीत.

मोबदला म्हणजे किमतीची ठरावीक टक्केवारी, असा समज पुष्कळांचा असतो, पण तो बरोबर नाही. मालमत्तेची किंमत फार मोठी असेल, तर मोबदल्याची रक्कम मोठी असली तरी तिचे प्रमाण बहुधा लहान राहते. किंमत थोडी आणि धोका मोठा असेल, तर ते प्रमाण बरेच वर जाते. वरची मर्यादा मात्र पक्की आहे. व्याज आणि कायदेशीर खर्च वगळता मोबदला वाचलेल्या मालमत्तेच्या किमतीपेक्षा अधिक असू शकत नाही. ही किंमत बचावकार्य संपले त्या दिवसाची आणि त्या ठिकाणची धरतात. जहाजाला दुरुस्ती लागणार असेल, तर तिचा खर्च किमतीतून वजा होतो.

## मालमालकाचा वाटा: एक उदाहरण

मोबदला केवळ जहाजाचा मालक देत नाही. जहाज, माल आणि अन्य मालमत्ता वाचलेली असते, म्हणून ज्याची त्याची किंमत जितकी, त्या प्रमाणात प्रत्येकाने वाटा उचलावयाचा असतो. त्यामुळे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या व्यापाऱ्यालाही हा कायदा लागू होतो.

यवतमाळ जिल्हा कापसाचा आहे. तेथील एका जिनिंग कारखान्यातून निघालेल्या ५० लाख रुपयांच्या गाठी कंटेनरमधून न्हावा-शेवा बंदरातून परदेशी रवाना झाल्या आणि समुद्रावरही त्या कारखानदाराच्याच मालकीच्या राहिल्या, असे समजू. वाटेत जहाजाच्या इंजिनघरात आग लागली. बचाव कंपनीने आग विझवून जहाज जवळच्या बंदरात आणले. गाठींना झळही लागली नाही. येथील सर्व आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.

वाचलेल्या जहाजाची किंमत, दुरुस्ती वजा जाता, २०० कोटी रुपये ठरली आणि सर्व मालाची किंमत ३०० कोटी रुपये ठरली. एकूण मालमत्ता ५०० कोटी रुपयांची झाली. लवादाने २५ कोटी रुपये मोबदला ठरवला. म्हणजे प्रत्येक १०० रुपयांमागे ५ रुपये आले. जहाजमालकाचा वाटा १० कोटी रुपये, मालमालकांचा मिळून १५ कोटी रुपये, आणि गाठींच्या मालकाचा अडीच लाख रुपये. आग त्याच्या गाठींमुळे लागली नव्हती, ही सबब येथे चालत नाही. गाठी धोक्यात होत्या आणि वाचल्या, एवढे पुरेसे आहे.

व्यापाऱ्याची खरी अडचण निकालाच्या आधीच सुरू होते. लवादाचा निर्णय होण्यास पुष्कळ महिने लागू शकतात, आणि तोपर्यंत बचावकर्त्याला आपल्या रकमेची हमी हवी असते. समाधानकारक हमी मिळेपर्यंत, वाचलेला माल ज्या बंदरात प्रथम पोहोचला तेथून बचावकर्त्याच्या संमतीशिवाय हलवता येत नाही. मालाचा सागरी विमा असेल, तर विमा कंपनी हमीपत्र देते, पुढे वाटाही भरते, आणि कंटेनर सुटतो. विमा नसेल, तर व्यापाऱ्याला स्वतः रोख ठेव किंवा बँकेची हमी द्यावी लागते. पन्नास लाखांचा माल सुखरूप असूनही परक्या बंदरात अडकून पडतो, तो असा. ग्राहकाला माल वेळेवर मिळत नाही, आणि गोदामाचे भाडे वाढत राहते. निर्यातीच्या मालाचा विमा उतरवताना साल्व्हेजच्या वाट्याची जबाबदारी त्यात समाविष्ट आहे की नाही, हे पाहणे म्हणूनच आवश्यक असते.

## जीव वाचवण्याचा मोबदला

समुद्रावर संकटात असलेल्या माणसाला वाचवणे हे प्रत्येक कप्तानाचे कर्तव्य आहे. त्यासाठी त्याला आपले जहाज आणि त्यावरील माणसे गंभीर धोक्यात घालावी लागू नयेत, एवढीच मर्यादा आहे. ज्याचा जीव वाचला त्याच्याकडून मोबदला मागता येत नाही. याचा एक विचित्र परिणाम होतो. एका नौकेने वीस खलाशी वाचवले आणि दुसरीने रिकामे जहाज ओढून आणले, तर मालमत्तेच्या नियमाने पैसे फक्त दुसरीला मिळतील. हा अन्याय कमी करण्यासाठी, त्याच संकटात जीव वाचवणाऱ्याला मालमत्ता वाचवणाऱ्याच्या मोबदल्यातून योग्य हिस्सा मिळण्याची तरतूद १९८९च्या करारात आहे.

भारताचा १९५८चा व्यापारी नौवहन कायदा याहून पुढे गेला. जीव वाचवण्याबद्दलची रक्कम इतर साल्व्हेज दाव्यांच्या आधी देण्याची तरतूद त्यात होती. जहाज नष्ट झाले किंवा त्याची किंमत अपुरी पडली, तर केंद्र सरकार आपल्याकडून योग्य रक्कम देऊ शकेल, असेही त्यात म्हटले होते. २०२५मध्ये संसदेने या विषयावर नवा व्यापारी नौवहन कायदा संमत केला.

## तत्त्व कोठे अपुरे पडते

‘यश नाही, तर मोबदला नाही’ या तत्त्वाची कसोटी तेलवाहू जहाजांच्या काळात लागली. १९ जुलै १९७९ रोजी टोबॅगो बेटाजवळ अटलांटिक एम्प्रेस आणि एजियन कॅप्टन या दोन प्रचंड तेलवाहू जहाजांची टक्कर झाली. जळते अटलांटिक एम्प्रेस बचावकर्त्यांनी किनाऱ्यापासून दूर समुद्रात ओढत नेले. २ ऑगस्टला ते बुडाले. कॅरिबियन बेटांचे किनारे मोठ्या हानीपासून बचावले, पण वाचलेल्या जहाजाची किंमत शून्य होती, म्हणून बचावकर्त्यांचा मोबदलाही शून्य ठरला.

यातून निघणारा धडा बचाव कंपन्यांना लगेच उमगला. जुने, मोडके आणि तेलाने भरलेले जहाज वाचवण्यास जाणे म्हणजे खर्च निश्चित आणि कमाई अनिश्चित. अशा जहाजांकडे कोणी जाईनासे झाले, तर किनाऱ्यांचे रक्षण कोण करील? १९८०मध्ये लॉइड्सच्या करारनाम्यात तेलवाहू जहाजांपुरती सुरक्षिततेची तरतूद आली, आणि १९८९च्या करारातील चौदाव्या अनुच्छेदाने ती सर्वच जहाजांसाठी व्यापक केली. तिला विशेष भरपाई म्हणतात.

हिचा हिशेब असा असतो. पर्यावरणाला धोका असलेल्या जहाजावर बचावकर्त्याने १० कोटी रुपये खर्च केले. जहाजाची जेमतेम ४ कोटींची मालमत्ता वाचली आणि नेहमीच्या निकषांनी मोबदला ३ कोटी ठरला. पूर्वी बचावकर्त्याला ७ कोटींचा तोटा झाला असता. विशेष भरपाईच्या नियमाने त्याचा १० कोटींचा खर्च भरून मिळतो. त्याने पर्यावरणाची हानी प्रत्यक्ष टाळली किंवा कमी केली असेल, तर खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढ मिळू शकते, आणि अपवादात्मक प्रसंगी ती १०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ३० टक्के वाढ धरली, तर भरपाई १३ कोटी होते. त्यातून आधीचा ३ कोटींचा मोबदला वजा करून उरलेले १० कोटी मिळतात. हा वरचा भाग एकटा जहाजमालक देतो. मालमालकांवर त्याचा भार पडत नाही.

खर्च म्हणजे काय, यावरही वाद झाला. १९९२मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीत नागासाकी स्पिरिट या तेलवाहू जहाजाची टक्कर होऊन आग लागली. त्या प्रकरणात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९७मध्ये असा निर्णय दिला की, विशेष भरपाईतील साधनांच्या ‘वाजवी दरा’त नफा धरता येत नाही, केवळ खर्च धरता येतो. बचाव कंपन्यांना हे पुरेसे वाटले नाही. त्यानंतर १९९९मध्ये बचाव कंपन्या, जहाजमालक आणि त्यांच्या विमा संस्था यांनी मिळून ‘स्कोपिक’ नावाचे कलम तयार केले. टग, माणसे आणि साधने यांचे दर त्यात आधीच ठरलेले असतात आणि त्यांवर २५ टक्के वाढ मिळते. लॉइड्सच्या करारनाम्यात हे कलम जोडता येते.

या बदलामागचे कारण मुंबईकरांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. एमएससी चित्रा कलंडले, त्यावरील अनेक कंटेनर समुद्रात पडून जलमार्गात तरंगू लागले, काही कंटेनरांत कीटकनाशके होती आणि जहाजातील इंधन तेल किनाऱ्यावर पसरले. बंदराची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. अशा वेळी जहाजाची भंगारातील किंमत किती, या प्रश्नापेक्षा त्याच्या टाक्यांतील तेल किती लवकर काढले जाते, हा प्रश्न मोठा असतो. बाहेर न आलेल्या तेलाची किंमत मात्र मालमत्तेच्या तक्त्यात कोठेच दिसत नाही.

धोका संपून केवळ सांगाडा उरला, की साल्व्हेजचा मार्ग खुंटतो. गोव्यातील कांदोळी किनाऱ्यावर ६ जून २००० रोजी रुतलेले रिव्हर प्रिन्सेस हे खनिजवाहू जहाज हलवण्याचे प्रयत्न वारंवार फसले आणि ते दहा वर्षांहून अधिक काळ तेथेच पडून राहिले. जहाज वाळूत जसजसे खोल जाते, तसतसा काढण्याचा खर्च वाढतो आणि गंजल्याने किंमत घटते. खर्च किमतीच्या वर गेला, की यशावर अवलंबून असलेला करार कोणीच पत्करत नाही. अशा वेळी कामाचे पैसे ठरवून अवशेष हटवण्याचा करार करावा लागतो. अवशेष हटवण्याची जबाबदारी जहाजमालकावर टाकणारा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार नैरोबी येथे २००७मध्ये झाला, आणि २०११मध्ये भारत त्यात सामील झाला.

## तिलावाची चांदी

यश मिळूनही मोबदला मिळेलच असे नाही, हे मुंबईहून निघालेल्या एका जहाजाच्या प्रकरणाने दाखवले. एसएस तिलावा हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे प्रवासी जहाज नोव्हेंबर १९४२मध्ये मुंबईहून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे आणि पुढे दरबानकडे निघाले. २३ नोव्हेंबरला जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो मारले. २८० माणसे दगावली. वाचलेल्यांतील बहुतेकांना एचएमएस बर्मिंगहॅम या युद्धनौकेने उचलून मुंबईला परत आणले. जहाजात दक्षिण आफ्रिका सरकारने नाणी पाडण्यासाठी विकत घेतलेल्या चांदीच्या विटा होत्या. त्या जहाजाबरोबर सुमारे अडीच किलोमीटर खोल समुद्रात गेल्या.

२०१७मध्ये अर्जेंटम एक्स्प्लोरेशन या ब्रिटिश कंपनीने स्वतःच्या खर्चाने २,३६४ विटा वर काढल्या, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनला नेल्या आणि तेथील बुडित मालाच्या सरकारी अधिकाऱ्याच्या स्वाधीन केल्या. चांदीची किंमत ४ कोटी डॉलरहून अधिक होती. पंचाहत्तर वर्षे समुद्रतळाशी राहिल्याने मालकी संपत नाही. चांदी दक्षिण आफ्रिकेचीच होती. कंपनीने ती स्वतःची असल्याचा दावा केला नाही, साल्व्हेजचा मोबदला मागितला.

दक्षिण आफ्रिकेने सार्वभौम राष्ट्राच्या संरक्षणाचा मुद्दा मांडला. एका राष्ट्राच्या मालमत्तेविरुद्ध दुसऱ्या राष्ट्राच्या न्यायालयात दावा चालत नाही, हा त्याचा गाभा. ब्रिटिश कायद्यात सरकारी मालाबाबत एक अपवाद आहे. जहाज आणि माल हे दोन्ही व्यापारी उपयोगात असतील, किंवा त्या उपयोगासाठी ठेवलेले असतील, तर दावा चालू शकतो. जहाज व्यापारी होते, यात शंका नव्हती. प्रश्न चांदीचा होता. पहिल्या न्यायालयाने आणि अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. ८ मे २०२४ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फिरवला. जहाजाच्या तळघरात केवळ वाहून नेला जाणारा माल ‘उपयोगात’ असतो असे म्हणता येत नाही, आणि चांदीचा पुढचा हेतूही व्यापारी नव्हता, असे न्यायालयाचे मत होते.

निकालापूर्वीच दोन्ही पक्षांनी आपसांत तडजोड केली होती. मोबदला किती असावा, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयापुढे आलाच नाही. धोका, कौशल्य, खर्च आणि यश या सर्व बाबतींत दावा कितीही भक्कम असला, तरी मालाचा मालक कोण आहे, हे आधी तपासणे किती निकडीचे असते, ते या प्रकरणातून दिसते.

## भारतातील दाव्यांची पद्धत

भारतात साल्व्हेजचे दावे २०१७च्या नौकाधिकरण कायद्याखाली चालतात. हा कायदा १ एप्रिल २०१८पासून लागू झाला. विशेष भरपाईचा दावाही त्यात स्पष्टपणे समाविष्ट आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्याबाबतचे दावे मुंबई उच्च न्यायालयात येतात. न्यायालय जहाज अटकेत ठेवण्याचा हुकूम देऊ शकते. मालकाने हमी भरली की जहाज सुटते, आणि दावा त्या हमीवर पुढे चालतो.

जहाज विकून पैसे वाटण्याची वेळ आली, तर सागरी धारणाधिकार असलेल्या दाव्यांत साल्व्हेजचा क्रम तिसरा लागतो. त्याच्या आधी खलाशांचे वेतन, आणि मृत्यू किंवा इजेची भरपाई. बंदराचे शुल्क त्याच्या नंतर येते. हा विशेष हक्क सामान्यतः एका वर्षात संपतो. मूळ दाव्यासाठी १९८९च्या करारात दोन वर्षांची मुदत आहे, आणि ती बचावकार्य संपल्याच्या दिवसापासून मोजतात. म्हणून बचावकर्त्याने जहाज बंदरात आणल्यावर प्रथम दोन गोष्टी कराव्या लागतात. कामाची तासागणिक नोंद असलेली वही सांभाळून ठेवणे, आणि जहाज व माल हलण्यापूर्वी हमी मागणे. मोबदल्याची रक्कम त्या वहीतील नोंदींवरून ठरते, आणि ती प्रत्यक्ष हाती पडते की नाही, हे पुष्कळदा त्या हमीवर अवलंबून असते.